पैसे एकदाच भरले, बाकीतून दोनदा वजा झाले: मेसेज क्यूच्या कोडचा रिव्ह्यू करताना नेमकं काय तपासतात?

उल्हासनगरचं गजानन मार्केट कापडासाठी प्रसिद्ध आहे. अंबरनाथ-बदलापूरकडचे छोटे दुकानदार इथून माल उधारीवर उचलतात आणि जमेल तसे पैसे भरतात. पूर्वी हा हिशेब लाल वहीत असायचा, आता बऱ्याच ठिकाणी तो एखाद्या ॲपमध्ये असतो.

समजा, बदलापूरच्या एका दुकानदाराची बाकी १८,५०० रुपये आहे. तो यूपीआयने ४,५०० रुपये भरतो. बाकी १४,००० दिसायला हवी, पण ॲपमध्ये दिसते ९,५००. दुकानदाराच्या बँकेतून पैसे एकदाच गेलेत आणि व्यापाऱ्याला एकदाच मिळालेत. वहीत मात्र ते दोनदा लिहिले गेले. दुकानदार काही तक्रार करणार नाही (कोण करेल?) आणि व्यापाऱ्याला हे कळेलच असंही नाही.

हे उदाहरण काल्पनिक आहे, पण चूक अगदी नेहमीची आहे. ती जिथे होते त्या जागेला 'मेसेज क्यू कन्झ्युमर' म्हणतात. तिथल्या कोडमध्ये कुणी बदल केला की तो लागू होण्याआधी दुसऱ्या इंजिनिअरने तपासायचा असतो. हाच कोड रिव्ह्यू. त्यात काय पाहतात, ते या दुकानदाराच्या ४,५०० रुपयांचा माग काढत समजून घेऊ.

आधी, मेसेज क्यू म्हणजे काय?

पेमेंट झालं की पेमेंट गेटवे व्यापाऱ्याच्या सिस्टिमला कळवतो, 'अमुक दुकानाकडून ४,५०० आले.' सिस्टिम हा निरोप लगेच हाताळत नाही, आधी एका रांगेत ठेवते. ही रांग म्हणजे मेसेज क्यू. रांगेतून एकेक निरोप उचलून बाकी कमी करणारा प्रोग्रॅम म्हणजे कन्झ्युमर. दिवाळीच्या आधी एकदम शेकडो पेमेंट आली तरी रांग थोडी वाढते, निरोप हरवत नाही.

रांग चालते पोचपावतीवर. पोस्टाच्या रजिस्टर एडीसारखंच हे. पोचपावती परत येईपर्यंत रांग तो निरोप जपून ठेवते. ठरलेल्या वेळात पोच आली नाही तर ती गृहीत धरते की निरोप उचलणारा मध्येच कोसळला, आणि तोच निरोप पुन्हा देते. ॲमेझॉनच्या एसक्यूएस या सेवेत या वेळेला व्हिजिबिलिटी टाइमआउट म्हणतात. आपण काही बदललं नाही तर तो ३० सेकंद असतो.

गोची इथेच आहे. पोच आली नाही याची कारणं दोन असू शकतात. काम झालंच नाही, किंवा काम झालं पण पोच देण्याआधी प्रोग्रॅम बंद पडला. रांगेला यातला फरक कळत नाही. त्यामुळे तिला दोनच पर्याय उरतात: निरोप कदाचित दोनदा द्यायचा, किंवा कदाचित एकदाही द्यायचा नाही. बहुतेक क्यू पहिला पर्याय निवडतात. त्यांचं वचन असतं 'किमान एकदा'. 'नेमकं एकदाच' ही जबाबदारी कन्झ्युमरवर येते.

म्हणजे तोच निरोप दुसऱ्यांदा आला तरी परिणाम एकदाच व्हायला हवा. या गुणाला आयडेम्पोटन्सी म्हणतात. लिफ्टचं बटण पाच वेळा दाबलं तरी लिफ्ट एकदाच येते, म्हणून ते आयडेम्पोटंट. 'बाकीतून ४,५०० वजा कर' ही सूचना तशी नाही. ती जितक्या वेळा पाळाल तितक्या वेळा पैसे वजा होतील.

रिव्ह्यूला आलेला बदल

दोनदा वजा झाल्याचं लक्षात आल्यावर एखादा डेव्हलपर असा उपाय करून आणेल:

```python
def handle(msg):
    p = json.loads(msg.body)
    if db.seen(p["payment_id"]):
        queue.delete(msg)
        return
    db.reduce_due(p["shop_id"], p["amount"])
    send_sms(p["shop_id"], p["amount"])
    db.mark_seen(p["payment_id"])
    queue.delete(msg)
```

कोड न कळणाऱ्यांसाठी मराठीत सांगायचं तर: निरोप उघडा. हे पेमेंट आधी पाहिलंय का ते बघा. पाहिलं असेल तर रांगेतून काढून टाका. नसेल तर बाकी कमी करा, दुकानदाराला एसएमएस पाठवा, 'पाहिलं' अशी नोंद करा आणि मग पोच द्या. एसक्यूएसमध्ये निरोप रांगेतून डिलीट करणं हीच पोच.

वाचताना सगळं ठीक वाटतं. साधी चाचणीही पास होईल, कारण तोच निरोप एकामागून एक दोनदा दिला तर दुसरा खरोखरच वगळला जातो. रिव्ह्यू करणाऱ्याचं काम या 'ठीक वाटतं'च्या पुढे सुरू होतं. त्याची एक सोपी रीत आहे. प्रत्येक दोन ओळींच्या मध्ये बोट ठेवायचं आणि विचारायचं, 'इथे लाइट गेली तर?'

बाकी कमी झाली आणि 'पाहिलं' ही नोंद व्हायच्या आत प्रोग्रॅम बंद पडला, असं समजा. पोच गेलेली नाही, म्हणून ३० सेकंदांनी निरोप परत येईल. नोंदवहीत काहीच नाही, म्हणून पुन्हा ४,५०० वजा. जी चूक दुरुस्त करायला बदल केला, तीच शिल्लक राहिली. आणि यासाठी खरोखर लाइट जायची गरज नसते. नवीन कोड लागू करताना जुना प्रोग्रॅम बंद करावाच लागतो, आणि तो नेमका कुठल्या ओळीवर असेल हे आपल्या हातात नसतं.

मग कुणी सुचवेल की पोच सगळ्यात आधी देऊन टाकू, म्हणजे निरोप परत येणारच नाही. खरं आहे, येणार नाही. पण पोच दिल्यावर लगेच प्रोग्रॅम पडला तर बाकी कधीच कमी होणार नाही आणि या वेळी दुकानदार बुडेल. ग्राहकाचे पैसे कापले गेले पण दुकानात पुष्टी आली नाही, अशा यूपीआय व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात मुदत ठरवून दिली आहे. पाच दिवसांत पैसे आपोआप परत, त्यानंतर दिवसाला १०० रुपये भरपाई. इथे मात्र तो नियम कामाला येत नाही. बँकेच्या लेखी व्यवहार यशस्वी झालाय, पैसे व्यापाऱ्याच्या खात्यात पोचलेत. हरवलाय तो व्यापाऱ्याच्याच सिस्टिममधला निरोप. म्हणून पोच देणारी ओळ वर सरकवलेली दिसली की रिव्ह्यू तिथेच थांबवावा, असं माझं मत.

दोघांनी एकच निरोप उचलला तर?

वरच्या कोडमधली दुसरी चूक जास्त फसवी आहे, कारण त्यात कुणीच बंद पडत नाही.

काम पटापट व्हावं म्हणून एकाच वेळी दोन-चार कन्झ्युमर चालवतात. पहिल्याने आपल्या दुकानदाराचा निरोप उचलला, नोंदवही पाहिली, नोंद नव्हती. त्याने बाकी कमी केली आणि तो एसएमएस पाठवायला गेला. एसएमएस कंपनीचा सर्व्हर त्या दिवशी मंद होता. उत्तर यायला ४० सेकंद लागले. पण ३० व्या सेकंदाला रांगेने ठरवलं की हा गडी गेला, आणि निरोप दुसऱ्या कन्झ्युमरला दिला. त्यानेही नोंदवही पाहिली. नोंद अजून नाही, कारण पहिला एसएमएसवरच अडकलाय. त्यानेही ४,५०० वजा केले.

म्हणजे 'आधी बघ, मग लिही' या पद्धतीतच खोट आहे. बघणं आणि लिहिणं यांच्यामध्ये जी फट राहते, तिच्यातून दुसरा शिरतो.

यावरचा तोडगा सरकारी कार्यालयाच्या आवक रजिस्टरसारखा आहे. अर्ज आला की आधी आवक क्रमांक टाकायचा, मग टेबलावर पाठवायचा. तो क्रमांक आधीच टाकलेला असेल तर अर्ज पुढे जात नाही. डेटाबेसमध्ये हे असं लिहितात:

```sql
BEGIN;
INSERT INTO processed (event_key)
VALUES ('pay_881:captured')
ON CONFLICT DO NOTHING;
-- एक ओळ घातली गेली, तरच पुढच्या दोन सूचना
UPDATE dues SET amount = amount - 4500
WHERE shop_id = 212;
INSERT INTO sms_outbox (shop_id, amount)
VALUES (212, 4500);
COMMIT;
```

यात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, `event_key` या रकान्यावर डेटाबेसचंच बंधन हवं की एक किल्ली दोनदा येऊ शकत नाही. 'आधी आहे का' हे आता आपला प्रोग्रॅम ठरवत नाही, डेटाबेस ठरवतो. पोस्टग्रेसमध्ये दोन कन्झ्युमर एकाच क्षणी तीच किल्ली घालायला गेले तर दुसऱ्याला पहिल्याचा निकाल लागेपर्यंत थांबावं लागतं. पहिल्याचं काम पक्कं झालं तर दुसऱ्याची ओळ घातली जात नाही, आणि पहिल्याचं फसलं तर दुसरा ते पूर्ण करतो. रिव्ह्यू करताना हे बंधन खरोखर टेबलावर लावलंय का, हे उघडून पाहायचं. कोड बरोबर, पण टेबल बनवताना बंधनच राहून गेलं, तर सगळी मेहनत वाया.

दुसरी, नोंद आणि वजाबाकी एकाच `BEGIN` आणि `COMMIT` च्या आत आहेत. मध्येच लाइट गेली तर दोन्ही होत नाहीत. झाल्या तर दोन्ही होतात. पोच द्यायची ती `COMMIT` नंतर. पोच द्यायच्या आत प्रोग्रॅम पडला तर निरोप परत येईल, आधीची नोंद सापडेल आणि तो वगळला जाईल.

आणि एसएमएस? तो या हमीत बसत नाही, कारण एकदा गेलेला एसएमएस मागे घेता येत नाही. म्हणून वरच्या कोडमध्ये तो पाठवलेलाच नाही, फक्त 'पाठवायचा आहे' अशी ओळ लिहिली आहे. दुसरा एक छोटा प्रोग्रॅम त्या ओळी वाचून एसएमएस पाठवतो. यातही क्वचित एकाच पेमेंटचे दोन एसएमएस जातील. पण दोनदा आलेला एसएमएस खपतो, दोनदा कमी झालेली बाकी खपत नाही. शिवाय त्यांच्या मंद सर्व्हरमुळे आपली वही आता अडकत नाही.

किल्ली कोणती निवडली?

रिव्ह्यूमध्ये सगळ्यात जास्त वेळ मी म्हणेन इथे द्यावा. 'दोन निरोप एकच आहेत' हे कशावरून ठरवायचं?

रांग प्रत्येक निरोपाला स्वतःचा क्रमांक देते, तो वापरण्याचा मोह होतो. पण कधी कधी पाठवणाराच दोनदा पाठवतो. त्याने निरोप रांगेत टाकला, नेटवर्क गेलं, 'मिळाला' हे उत्तर त्याच्यापर्यंत पोचलं नाही, म्हणून त्याने पुन्हा टाकला. आता रांगेत दोन वेगळ्या क्रमांकांचे निरोप आहेत, पेमेंट मात्र एकच आहे. रांगेचा क्रमांक इथे उपयोगाचा नाही.

दुसरं टोक म्हणजे 'तेच दुकान, तीच रक्कम, तोच दिवस' याला डुप्लिकेट मानणं. बदलापूरच्या दुकानदाराने सकाळी ४,५०० भरले आणि संध्याकाळी गल्ला पाहून आणखी ४,५०० भरले तर? दोन्ही खरी पेमेंट आहेत आणि त्यातलं एक आपण गिळून टाकू.

मग पेमेंटचाच क्रमांक घ्यावा. हे बरंचसं बरोबर आहे, पण पूर्ण नाही. समजा माल खराब निघाला आणि व्यापाऱ्याने तेच पेमेंट परत केलं. गेटवे 'रिफंड झाला' असा निरोप पाठवतो आणि त्यातही मूळ पेमेंटचाच क्रमांक असतो. किल्ली फक्त `pay_881` असेल तर कोड म्हणेल, 'हे तर पाहिलंय', आणि रिफंड वगळेल. पैसे दुकानदाराला परत गेले, पण बाकी वाढलीच नाही. म्हणून वर किल्लीत `captured` हा शब्द जोडला आहे. रिफंडची किल्ली वेगळी होईल. एका पेमेंटचा रिफंड दोन हप्त्यांत झाला तर `pay_881:refunded` हीसुद्धा पुरणार नाही, तिथे रिफंडचा स्वतःचा क्रमांक घ्यावा लागेल.

एसक्यूएसमध्ये फिफो नावाचा प्रकार आहे, जो डुप्लिकेट स्वतःच गाळतो. 'आपण फिफो वापरतोय, मग हे सगळं कशाला?' हा प्रश्न रिव्ह्यूमध्ये हमखास येतो. पण ते गाळणं फक्त पाच मिनिटांपुरतं असतं. पाठवणाऱ्याने अर्ध्या तासाने तोच निरोप पुन्हा टाकला तर तो नवाच मानला जातो.

जो निरोप कधीच पचत नाही

आता उलटी बाजू. एक दिवस गेटवेकडून येणाऱ्या निरोपात रक्कम `4500` ऐवजी `"4,500"` अशी, स्वल्पविरामासह येते. आपला कोड तिला आकडा मानू शकत नाही आणि कोसळतो. पोच जात नाही. निरोप परत येतो, कोड पुन्हा कोसळतो. कितीही वेळा प्रयत्न करा, निकाल तोच. याला पॉयझन मेसेज म्हणतात.

त्याचा त्रास कोणती क्यू आहे यावर ठरतो. काफ्कामध्ये निरोप पार्टिशन नावाच्या मार्गिकांमधून क्रमाने जातात. कल्याणच्या पुढे एक लोकल बंद पडली की मागच्या अंबरनाथ-बदलापूर गाड्या जशा खोळंबतात, तसं त्या मार्गिकेतलं मागचं सगळं थांबतं. रॅबिटएमक्यूमध्ये कोडने 'जमलं नाही, परत रांगेत ठेव' असं सांगितलं तर तोच निरोप लगेच पुन्हा हातात येऊ शकतो, आणि सर्व्हर गरगर फिरत राहतो. एसक्यूएसच्या साध्या रांगेत बाकीचे निरोप चालू राहतात, म्हणून तिथे कुणाचं लक्षच जात नाही. निरोप गुपचूप परत परत येत राहतो आणि साठवणुकीची मुदत संपली की गायब होतो. ही मुदत न बदलल्यास चार दिवस असते.

उपाय म्हणजे ठरावीक प्रयत्नांनंतर तो निरोप बाजूच्या रांगेत टाकणं. तिला डेड लेटर क्यू म्हणतात. पत्ता न सापडलेली पत्रं पोस्ट जिथे ठेवतं, त्या डेड लेटर ऑफिसवरून हे नाव आलंय. एसक्यूएसमध्ये प्रयत्नांचा आकडा `maxReceiveCount` या सेटिंगमध्ये देतात.

हा आकडा तपासताना गणित करावं लागतं. समजा तो ३ ठेवला आणि टाइमआउट ३० सेकंद आहे. म्हणजे साधारण दीड मिनिटात निरोप बाद. आता डेटाबेस दुरुस्तीसाठी दहा मिनिटं बंद राहिला तर त्या काळात आलेले जवळपास सगळे चांगले निरोप बाजूला फेकले जातील. म्हणून कोडला दोन प्रकारचं अपयश वेगळं ओळखता यायला हवं. स्वल्पविरामवाली रक्कम पुढच्या वेळीही चुकणारच, ती पहिल्याच फटक्यात बाजूला टाका. डेटाबेस बंद आहे, तर थांबा आणि दर वेळी थांबण्याचा काळ वाढवत न्या. सगळ्या चुका एकाच `except` मध्ये पकडून एकच वागणूक देणारा कोड इथे अडवला पाहिजे. आणि `except` मध्ये चूक पकडून वर पोचही दिली असेल, तर ते आणखी वाईट: निरोप गेला, कुठेही खूण नाही.

न थांबता पुन्हा पुन्हा विचारत राहिल्याने काय होतं, हे आपण सगळ्यांनी १२ एप्रिल २०२५ ला अनुभवलं. त्या दिवशी देशभर यूपीआय अडखळलं. व्यवहाराची स्थिती विचारणाऱ्या विनंत्यांचा मारा हे त्यामागचं कारण असल्याचं एनपीसीआयच्या तपासणीतून समोर आलं, आणि किती वेळा, किती अंतराने विचारायचं यावर मर्यादा आल्या.

बदल लागू झाल्यावर

रिव्ह्यू करणाऱ्याने मंजुरी देण्याआधी तीन चाचण्या मागाव्यात: तोच निरोप एकामागून एक दोनदा, तोच निरोप दोन कन्झ्युमरना एकाच वेळी, आणि `COMMIT` झाल्यावर पण पोच देण्याआधी प्रोग्रॅम मारून टाकणं. तिन्हींत बाकी १४,००० च राहायला हवी. मधली चाचणी लिहायला किचकट असते म्हणून ती बहुतेकदा गायब असते.

नंतर पाहायचे आकडेही आधीच ठरवायचे. 'डुप्लिकेट म्हणून वगळले' असे निरोप किती, हे मोजत राहावं. हा आकडा अधूनमधून थोडा वाढणं निरोगी लक्षण आहे. महिनोन्‌महिने शून्य असेल तर तपासणी चालतेय का याची शंका घ्यावी. अचानक उसळला तर काहीतरी मंद झालंय आणि टाइमआउट ओलांडला जातोय. आणि रोज रात्री गेटवेची त्या दिवसाची बेरीज आपल्या वहीतल्या बेरजेशी जुळवावी. दोनदा वजा झालेले ४,५०० खात्रीने सापडतात ते इथेच.

डेड लेटर क्यूबद्दल एक बारीक गोष्ट रिव्ह्यूमध्ये हमखास निसटते. एसक्यूएसच्या साध्या रांगेत निरोप बाजूला टाकला तरी त्याचं वय पहिल्यापासूनच मोजलं जातं. दोन्ही रांगांची मुदत चार दिवस असेल आणि निरोप तीन दिवस मूळ रांगेत अडकून मग बाजूला गेला, तर तिथे तो एकच दिवस टिकेल. शनिवारी दुपारी तिकडे गेलेला निरोप सोमवारी ऑफिस उघडेपर्यंत नाहीसा झालेला असेल. म्हणून बाजूच्या रांगेची मुदत जास्तीत जास्त, म्हणजे १४ दिवस ठेवतात आणि तिथे एक जरी निरोप आला तरी कुणाच्या तरी फोनवर सूचना जाईल अशी सोय करतात.

चूक दुरुस्त झाली की हे निरोप पुन्हा मूळ रांगेत सोडतात. तेव्हा `processed` टेबलातल्या जुन्या नोंदी कधी पुसल्या जातात हे पाहायचं. जागा वाचवायला कुणी सात दिवसांनी नोंदी पुसणारी ओळ घातली असेल, आणि निरोप दहाव्या दिवशी परत सोडले गेले, तर आधीच हिशेबात आलेलं पेमेंट पुन्हा नवं ठरेल आणि बदलापूरच्या दुकानदाराची बाकी परत ९,५०० दिसेल.